‘अर्जुलकुम’ की ‘अर्जुलिकुम’?

“कुराणातल्या वुजूच्या आयतीत काही जण ‘अर्जुलकुम’ म्हणतात, काही ‘अर्जुलिकुम’. त्या एका इकारावरून पाय धुवायचे की नुसता ओला हात फिरवायचा हे ठरतं, असं वाचलं. यात चुकतंय कोण? आणि मराठीत लिहायचं तर कोणतं रूप लिहावं?”

कोणीच चुकत नाही. दोन्ही पाठ मान्य परंपरेतले आहेत आणि दोन्ही आजही नमाजात म्हटले जातात. इकाराने अर्थ बदलतो हेही खरं. मात्र ‘त्यावरून ठरतं’ हे तितकंसं खरं नाही, आणि या आयतीतली खरी गंमत तिथेच आहे.

आधी वाक्य पाहू. पाचवा सूरा अल-माइदा, आयत ६. नमाजाला उभं राहण्यापूर्वी काय करायचं ते, म्हणजे वुजू, यात सांगितलंय:

फग्सिलू वुजूहकुम व ऐदियकुम इलल् मराफिकि, वम्सहू बि-रुऊसिकुम व अर्जुलकुम इलल् कअबैन.

‘फग्सिलू’ म्हणजे धुवा. ‘वुजूह’ चेहरे, ‘ऐदी’ हात, ‘इलल् मराफिकि’ कोपरांपर्यंत. मग दुसरं क्रियापद येतं, ‘वम्सहू’, म्हणजे ओला हात फिरवा, मसह करा. ‘रुऊस’ डोकी. शेवटी ‘अर्जुल’ म्हणजे पाय आणि ‘इलल् कअबैन’ म्हणजे घोट्यांपर्यंत. चेहरे, हात, डोकी आणि पाय या नामांच्या शेवटचं ‘कुम’ म्हणजे ‘तुमचे’.

आता ‘कुम’च्या आधीचा स्वर बघा. वुजूह-कुम, ऐदिय-कुम: इथे अकार आहे, कारण ‘धुवा’ या क्रियापदाचं हे थेट कर्म. आपण द्वितीया म्हणतो तशी विभक्ती. रुऊसि-कुम: इथे इकार, कारण आधी ‘बि’ हे शब्दयोगी लागलंय आणि अरबीत शब्दयोगीनंतरचं नाम इकार घेतं. मग ‘आणि पाय’ येतात. त्यांना अकार दिला, ‘अर्जुलकुम’, तर ते चेहरे आणि हातांच्या रांगेत जाऊन बसतात, म्हणजे धुवायचे. इकार दिला, ‘अर्जुलिकुम’, तर ते डोक्याच्या जोडीला जातात, म्हणजे ओला हात फिरवायचा. मराठीत हाच फरक “आणि पाय” व “आणि पायांवरून” असा पडेल. आपल्याला त्यासाठी अख्खा प्रत्यय लागतो. अरबीत लामवरचा, म्हणजे ‘ल’वरचा, एक ऱ्हस्व स्वर पुरतो, आपल्याकडचे मदरशातले विद्यार्थी ज्याला जबर आणि जेर म्हणतात तो.

हा स्वर मूळ लिखाणात नव्हता. सुरुवातीच्या हस्तलिखितांत अलिफ, रे, जीम, लाम, काफ, मीम एवढीच अक्षरं. दोन्ही पाठांना ती सारखीच बसतात. स्वर होता तो म्हणणाऱ्याच्या तोंडात आणि त्याच्या गुरूच्या तोंडात. म्हणूनच पाठ मान्य करताना तीन गोष्टी पाहिल्या जात: तो गुरुपरंपरेने चालत आलाय का, खलिफा उस्मान यांनी तयार करवलेल्या प्रतींच्या अक्षरांशी जुळतो का, आणि अरबी व्याकरणात बसतो का. बगदादच्या इब्न मुजाहिदने (मृत्यू इ. स. ९३६) सात किरअती, म्हणजे पठण-परंपरा, निवडून त्यांवर ग्रंथ लिहिला. पुढे इब्न अल-जजरीने (मृत्यू १४२९) आणखी तीन पक्क्या केल्या. त्या सातांत नाफिअ, इब्न आमिर आणि किसाई अकार म्हणतात. इब्न कसीर, अबू अम्र आणि हम्जा इकार म्हणतात.

सातवा, कूफ्याचा आसिम, राहिला. त्याचे दोन शिष्य, हफ्स आणि शुअबा. हफ्स ‘अर्जुलकुम’ म्हणतो, शुअबा ‘अर्जुलिकुम’. गुरू एक, गाव एक, स्वर दोन. याचा खुलासा खुद्द हफ्सच्या नावे चालत आलाय. शुअबा माझ्यापेक्षा वेगळं म्हणतो, असं त्याने आसिमला विचारलं, तेव्हा आसिम म्हणाला की तुला मी अबू अब्दुर्रहमान अस-सुलमीने अलींकडून घेतलेला पाठ शिकवला आणि त्याला जिर्र बिन हुबैशने इब्न मसऊदांकडून घेतलेला. म्हणजे एकाच शिक्षकाकडे दोन परंपरा होत्या आणि त्याने त्यांची सरमिसळ न करता त्या दोघांकडे वेगवेगळ्या सोपवल्या. मला ही हकीकत फार मोलाची वाटते. पाठभेद म्हणजे लेखनिकाचा हात घसरणं, हे जे आपल्या मनात पोथ्यांवरून बसलेलं असतं, ते इथे लागू पडत नाही.

चूक कशाला म्हणतात तेही सांगतो, म्हणजे फरक कळेल. नवव्या सूऱ्याच्या तिसऱ्या आयतीत “अल्लाह मूर्तिपूजकांपासून मुक्त आहे, आणि त्याचा रसूलही” असं वाक्य आहे. तिथे ‘रसूलुहू’ हवं. कोणी तरी ‘रसूलिही’ म्हटलं आणि अर्थ झाला, “मूर्तिपूजकांपासून आणि आपल्या रसूलपासूनही मुक्त आहे”. अरबी व्याकरण लिहून ठेवायची गरज यातून भासली, अशी कथा अबुल अस्वद अद-दुअलीच्या नावावर सांगतात. तिथेही एकाच स्वराचा बदल आहे. पण दहा परंपरांपैकी एकही ‘रसूलिही’ म्हणत नाही, म्हणून ती चूक. ‘अर्जुलिकुम’च्या मागे मात्र साखळी आहे.

आता तुमच्या ‘ठरतं’ या शब्दाकडे वळतो. सुन्नी पंथांत पाय धुतात आणि इमामी शियांमध्ये पायांवर मसह करतात. साहजिकच वाटेल की सुन्नी अकार म्हणत असतील आणि शिया इकार. प्रत्यक्षात इराणमध्ये छापलेली प्रत उघडा. ती हफ्सच्या पाठाची असते, लामवर जबर, ‘अर्जुलकुम’, आणि तरी तिथे मसह करतात. उलट सुदानात परंपरेने अबू अम्रचा पाठ (अद-दूरीने सांगितलेला) चालत आलाय. तिथे लामखाली जेर, ‘अर्जुलिकुम’, आणि तिथले मालिकी सुन्नी पाय धुतात.

हे कसं जमतं? दोन्ही बाजूंकडे दुसऱ्या पाठाचं व्याकरण तयार आहे. शिया भाष्यकार म्हणतात की ‘बि-रुऊसिकुम’ला शब्दयोगीमुळे इकार लागला असला तरी तेही मुळात ‘मसह करा’ याचं कर्मच आहे. त्यामुळे त्याच्या जोडीचं नाम अकारही घेऊ शकतं. वर ते विचारतात की ‘धुवा’ हे क्रियापद मागे टाकून मध्ये दुसरं पूर्ण वाक्य आलेलं असताना पुन्हा मागे उडी का मारायची? प्रश्न रास्त आहे.

सुन्नी बाजूने इकाराची उत्तरं अनेक आहेत, आणि सगळी सारख्या वजनाची नाहीत. एक म्हणजे ‘जर्र अल-जिवार’, शेजारच्या शब्दाचा स्वर लागणं. यासाठी व्याकरणात एक ठरलेलं उदाहरण असतं: ‘हाजा जुहरु दब्बिन खरिबिन’, हे सांड्याचं ढासळलेलं बीळ. ढासळलंय बीळ, सांडा नव्हे. तेव्हा नियमाने ‘खरिबुन’ हवं. पण शेजारच्या ‘दब्बिन’च्या इकाराची लागण होऊन ते ‘खरिबिन’ झालं. तसंच ‘रुऊसि’शेजारी ‘अर्जुलि’ झालं, असं म्हणणं. मला हे उत्तर सगळ्यांत लंगडं वाटतं. सांड्याच्या उदाहरणात मध्ये ‘आणि’ नाही आणि अर्थाचा घोटाळाही होत नाही. इथे दोन्ही आहेत. नह्हाससारख्या जुन्या व्याकरणकारालाही हे पटलं नव्हतं. काही जण म्हणतात की इकाराचा पाठ चामड्याचे मोजे घातलेल्या पायांसाठी आहे, कारण त्यांवरून मसह सुन्नींनाही चालतो.

माझ्या मते सर्वांत कसदार उत्तर भाष्यकार जमख्शरीचं (मृत्यू ११४४). तो म्हणतो, पाय धुताना माणूस पाणी ओततो आणि तिथेच उधळपट्टी होते. म्हणून पायांना मसहच्या जोडीला बसवून ‘पाणी जपून वापरा’ असं सुचवलं. आणि कोणी खरोखर मसह समजू नये म्हणून ‘घोट्यांपर्यंत’ ही मर्यादा घातली. वाक्य परत वाचा: हात धुताना ‘कोपरांपर्यंत’ असं आहे, डोक्याच्या मसहला मर्यादा दिलेली नाही, पायांना पुन्हा आहे. सुन्नींचा शेवटचा आधार मात्र हदीसचा, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि वागण्याच्या नोंदींचा आहे. प्रवासात घाईघाईने पायांवरून हात फिरवणाऱ्या सोबत्यांना पैगंबरांनी मोठ्याने बजावलं की टाचांना आगीचा धोका आहे. बुखारीच्या संग्रहात ही हकीकत येते. भाष्यकार तबरीने (मृत्यू ९२३) तर दोन्ही पाठ एकत्र धरले: पायांवर पाणी घ्यावं आणि हाताने चोळावंही.

पाय धुवायचेच होते तर त्यांना हातांशेजारीच का नाही ठेवलं, हा प्रश्न उरतो. शाफिई पंथाचं उत्तर असं की दोन धुवायच्या अवयवांमध्ये मसहचा अवयव घातला तो क्रम सांगण्यासाठी. म्हणून त्यांच्याकडे वुजूत चेहरा, हात, डोकं, पाय हा क्रम सक्तीचा आहे. हनफींकडे तो सुन्नत आहे, मोडला तरी वुजू होतो. आपल्या कोकणातले मुसलमान बहुतेक शाफिई आणि देशावरचे बहुतेक हनफी, तेव्हा हा फरक महाराष्ट्रातही पाहायला मिळतो. दोघांच्या घरातल्या प्रती मात्र हफ्सच्याच, लामवर जबर असलेल्या. दुसऱ्या पाठाची प्रत मिळाली तर आयतीचा क्रमांक एखाद्याने पुढेमागे असू शकतो, कारण आयती मोजण्याच्या पद्धतीही वेगवेगळ्या आहेत. ‘इलल् कअबैन’ शोधा आणि त्याच्या आधीचा शब्द पाहा.

राहिलं मराठी लेखन. भारतातल्या पठणाबद्दल लिहीत असाल तर अकाराचं रूप घ्या. पण नुसतं ‘अर्जुलकुम’ लिहिलं की मराठी माणूस सवयीने ‘अर्जुल्कुम’ वाचतो, म्हणजे ज्या स्वराबद्दल एवढी चर्चा तोच गिळला जातो. मी अशा ठिकाणी जोडरेघ देतो, ‘अर्जुल-कुम’, आणि पहिल्यांदा शब्द येतो तिथे ‘ल पूर्ण उच्चारावा’ एवढं लिहितो. ‘अर्जुलि-कुम’ला ही अडचण येत नाही, फक्त तो इकार ऱ्हस्वच ठेवा.