ठळक छापलेल्या प्लेटलेट आणि जांभळ्या झाकणाची नळी

प्रश्न: «रक्ताचा रिपोर्ट सोबत जोडला आहे. प्लेटलेट कमी आणि लिम्फोसाइट्स जास्त असे दोन आकडे ठळक अक्षरांत आले आहेत. मला काहीच त्रास नाही. हे गंभीर आहे का?» (फोटो काढून टाकण्यात आला आहे.)

फोटो दिसत नाही आणि आकडे तुम्ही लिहिलेले नाहीत, त्यामुळे गंभीर आहे की नाही याचे सरळ उत्तर मला देता येणार नाही. तरीही लिहितो आहे, कारण त्रास काहीच नाही आणि प्लेटलेट मात्र कमी, या जोडीने आमच्या घरात एक वाद निर्माण केला आहे, जो अजून मिटलेला नाही. मी स्वतः रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो, आणि आकडा ठळक छापला म्हणजे आजार झाला असे मानणाऱ्या माणसांचा मला मनापासून कंटाळा आहे.

लिम्फोसाइट्स या पांढऱ्या पेशींच्या एका प्रकाराचे आधी उरकतो. तुमचा तो आकडा टक्क्यांत असेल, तर तो एकटा वाचू नये. समजा एकूण पांढऱ्या पेशी ५,६०० आणि लिम्फोसाइट्स ४६ टक्के आल्या. शेजारी २० ते ४० अशी मर्यादा छापलेली असल्यामुळे ४६ ठळक दिसेल. पण ५,६०० चे ४६ टक्के म्हणजे २,५७६, आणि प्रौढ व्यक्तीत साधारण १,००० ते ४,००० ही संख्या नेहमीची मानली जाते. टक्के केवळ वाटणी दाखवतात. न्यूट्रोफिल्स या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी थोड्या कमी झाल्या की लिम्फोसाइट्सचा वाटा आपोआप वाढलेला दिसतो. शिवाय संदर्भ मर्यादा बहुधा निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्के लोकांवरून ठरवलेली असते, म्हणजे वीस धडधाकट माणसांतला एक जण तिच्या बाहेर पडणारच.

प्लेटलेटची गोष्ट मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे. माझ्या वहिनींचे पित्ताशयाचे ऑपरेशन ठरले होते आणि आधीच्या तपासणीत प्लेटलेट ५८,००० आल्या. मर्यादा दीड लाख ते साडेचार लाख. शल्यचिकित्सकांनी ऑपरेशन पुढे ढकलले, आणि ते योग्यच होते. वहिनींच्या अंगावर ना लाल ठिपके, ना हिरड्यांतून रक्त, ना कुठे काळेनिळे डाग. दादाने दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा तपासणी करवली, तेव्हा ८४,००० आल्या. मधल्या काळात त्याने कोणाच्या तरी सांगण्यावरून वहिनींना गोळ्या सुरू केल्या होत्या. त्यामुळे गोळ्या लागू पडल्या असा त्याने निष्कर्ष काढला आणि आणखी वाट पाहायचे ठरवले. तोवर नातेवाइकांत अस्थिमज्जेच्या तपासणीची चर्चा सुरू झाली होती.

दोन्ही रिपोर्ट माझ्या हाती आले तेव्हा दोन गोष्टी खटकल्या. पहिल्या रिपोर्टात प्लेटलेटच्या सरासरी आकाराच्या रकान्यात आकड्याऐवजी चांदण्या छापल्या होत्या, म्हणजे यंत्राला स्वतःलाच त्या मोजणीचा भरवसा वाटलेला नव्हता. दुसरे म्हणजे दोन्हींपैकी एकाही रिपोर्टात शेराच नव्हता. काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर पसरून कोणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याची नोंद नव्हती. इतका कमी आकडा काचपट्टी न पाहता बाहेर जाऊ देणे हा माझ्या मते निव्वळ हलगर्जीपणा आहे.

हिमोग्राम ज्या जांभळ्या झाकणाच्या नळीतून होतो, तिच्यात रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असते. ते रक्तातले कॅल्शियम बांधून ठेवते. काही मोजक्या लोकांच्या रक्तात असे प्रतिद्रव्य असते, की कॅल्शियम निघून गेलेल्या अवस्थेतल्या प्लेटलेट त्याला सापडतात आणि त्या एकमेकींना चिकटून त्यांचे पुंजके होतात. हे शरीरात घडत नाही, नळीत घडते. यंत्र पेशी आकारावरून ओळखत असल्यामुळे वीस प्लेटलेटचा पुंजका त्याच्या लेखी वीस प्लेटलेट नसतो. पुंजका मोठा असेल तर तो पांढऱ्या पेशींतही मोजला जाऊ शकतो. आणि नळी जितकी जास्त वेळ पडून राहील, तितके पुंजके वाढतात.

मी शल्यचिकित्सकांशी बोललो आणि त्यांनी लगेच मान्यता दिली. वहिनींचे रक्त एकाच वेळी दोन नळ्यांत घेतले: एक नेहमीची जांभळी, दुसरी फिकट निळ्या झाकणाची, जिच्यात ईडीटीएऐवजी सायट्रेटचे द्रावण असते. जांभळ्या नळीत काही तासांनी ६१,००० आल्या आणि पांढऱ्या पेशी ११,८०० दिसल्या. निळ्या नळीत, रक्त घेतल्या घेतल्या मोजल्यावर, १,९२,००० आल्या. त्या नळीत नऊ भाग रक्ताला एक भाग द्रावण असल्यामुळे रक्त पातळ होते, म्हणून आकड्याला १.१ ने गुणावे लागते. म्हणजे सुमारे २,११,०००. जांभळ्या नळीतल्या रक्ताच्या काचपट्टीवर, थर जिथे निमुळता होत संपतो त्या कडेला, प्लेटलेटचे पुंजके स्पष्ट दिसत होते. ऑपरेशन झाले आणि जास्तीचा रक्तस्राव झाला नाही.

दादा आजही म्हणतो की ५८ वरून ८४ आणि ८४ वरून दोन लाख ही गोळ्यांचीच करामत आहे, आणि तुमच्या प्रश्नाच्या निमित्ताने मी हे लिहून ठेवतो की तसे मुळीच नाही. दुसऱ्या प्रयोगशाळेत नमुना लवकर मोजला गेला असावा, इतकाच बहुधा त्या ८४,००० चा अर्थ. गोळ्यांनी प्लेटलेट वाढल्या असत्या, तर शेवटच्या दिवशी एकाच शिरेतून एकाच वेळी घेतलेल्या रक्तात एका नळीत ६१,००० आणि दुसरीत दोन लाख कशा आल्या असत्या, याचे उत्तर त्याने मला अजून दिलेले नाही.

तुमच्याबाबतीतही हेच असेल असे मी म्हणत नाही. हा प्रकार विरळा आहे, साधारण हजारांत एखादा, आणि खरोखरच कमी झालेल्या प्लेटलेट त्याहून पुष्कळ अधिक वेळा आढळतात. नमुना घेताना शीर नीट न सापडल्याने नळीत बारीक गुठळी झाली, तरीही आकडा खोटा कमी येतो. क्वचित काहींच्या प्लेटलेट सायट्रेटमध्येही चिकटतात, म्हणून काचपट्टी पाहणे टाळता येत नाही. ताप, अंगावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त यांपैकी काहीही असेल, किंवा आकडा वीस हजारांच्या खाली असेल, तर पुंजक्यांच्या आशेवर न थांबता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

फोटो पुन्हा टाकू नका. त्यावर तुमचे नाव आणि वय असते. त्याऐवजी प्लेटलेट आणि एकूण पांढऱ्या पेशींच्या ओळी एककासह, शेजारच्या मर्यादेसह टंकून द्या, कारण १५० हा आकडा एका रिपोर्टात दीड लाखाइतकाच असतो. शेवटी छापलेला शेरा, नमुना घेतल्याची आणि रिपोर्ट तयार झाल्याची वेळ, आणि जुना रिपोर्ट असल्यास त्यातल्या प्लेटलेट हेही लिहा. दरम्यान प्रयोगशाळेला फोन करून काचपट्टी पाहिली होती का, एवढे विचारा. नमुना ताजा असेपर्यंत ते सांगू शकतात, नंतर पुन्हा रक्त द्यावे लागते.