'लक्ष नाही' की वाक्यच पोचत नाही?

*मावशी, मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत, सेमी-इंग्लिशला. बाई म्हणतात, "हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसतं, मेहनत नको." घरीसुद्धा दोन कामं सांगितली की एकच करतो, तेही भलतंच. विचारलं तर "हो, समजलं." पण मेकॅनोची गाडी तासभर मान खाली घालून जोडतो! परवा याच्या बाबांनी हात उगारला. कडक व्हावं का? मराठी बंद करून घरी इंग्रजी बोलावं का?*
*– एक आई, कराड*

मेकॅनोचं लिहिलंत ते बरं केलंत, कारण माझं लक्ष तिथेच अडकलं. तासभर स्क्रू लावत बसणाऱ्या मुलाचं लक्ष ठीक आहे आणि फक्त बोलणं सुरू झालं की ते उडतं, असं असेल तर आधी त्याला बोललेलं कळतंय का ते बघावं लागतं. मी बरीच वर्षं वाचा-भाषा उपचाराचं काम केलं. 'आळशी' असा शेरा घेऊन आलेल्या मुलांत अशी मुलं मला वारंवार भेटली.

एक मुलगी आठवते. गणित असं होतं: 'रमाकडे १२ गोट्या आहेत. त्या सीमाच्या गोट्यांपेक्षा ५ने जास्त आहेत. सीमाकडे किती?' तिने १७ लिहिलं. वहीवर लाल शाईत 'नीट वाच' असा शेरा. मी तेच गोट्या मांडून दाखवलं, तर क्षणात ७ म्हणाली. वजाबाकी येत होती. 'पेक्षा' आणि 'जास्त' एका वाक्यात आले की त्यांतलं नातं हातातून सुटायचं, मग 'जास्त' दिसलं की बेरीज.

घरी एक गोष्ट करून बघा. तो तुमच्याकडे बघत असताना, हातवारे न करता सांगा: "दिवा लावल्यावर खिडकी बंद कर." दुसऱ्या दिवशी: "दिवा लावण्याआधी खिडकी बंद कर." वेगवेगळी कामं घेऊन दोन्ही प्रकार चार-पाच वेळा. 'आधी'च्या वाक्यातही तो पहिल्यांदा ऐकलेलं कामच पहिल्यांदा करत असेल, तर तो शब्दांच्या क्रमावर चालतोय, 'आधी' त्याला धरता येत नाही. नुसतं लक्ष नसतं तर चुका दोन्हीकडे विखुरल्या असत्या. मग खेळण्यातली गाय-घोडा घेऊन "गाईला घोड्याने ढकललं" करून दाखवायला सांगा. गाय ढकलायला लागली, तर 'ने' आणि 'ला' त्याच्या कानावरून जातायत. नऊ वर्षांच्या मुलाला हे सहसा जमतं.

यावरून निदान होत नाही, फक्त कुठे जायचं ते कळतं. आधी कानाची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी. सर्दीनंतर कानात पाणी साचूनही असं होतं. मग वाचा-भाषा तज्ज्ञ, म्हणजे स्पीच थेरपिस्ट. मोठ्या सरकारी रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात चौकशी करा. मुंबईला जाणं जमत असेल तर वांद्र्याची अली यावर जंग संस्था आहे. तपासणी मराठीतही व्हावी असा आग्रह धरा, आणि त्याच्याकडून एक गोष्ट सांगून घेतात का ते बघा.

कान ठीक असूनही वाक्यं अशी निसटत असतील, तर त्या अडचणीचं नाव विकासात्मक भाषा दोष, इंग्रजी आद्याक्षरांनी डीएलडी. रक्तात किंवा स्कॅनमध्ये तो दिसत नाही. इंग्लंडमधल्या एका मोठ्या पाहणीत शाळेत नुकत्याच आलेल्या मुलांपैकी सुमारे ७ टक्के मुलांत तो आढळला, म्हणजे तीसच्या वर्गात दोन. त्याच्यासोबत अतिचंचलताही असू शकते, म्हणून तज्ज्ञ दोन्ही तपासतात. काही महिन्यांत तो 'बरा' होईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तो बहुधा मोठेपणीही सोबत राहतो, पण योग्य मदतीने अडचण कमी होते.

मराठी मात्र बंद करू नका. हा दोष असला की तो दोन्ही भाषांत दिसतो, आणि तुमची मराठी ही त्याची सगळ्यात भरलेली भाषा आहे. ती काढून घेतली तर काय उरणार?

बाईंना भेटायला जाल तेव्हा तक्रार न करता दोनच गोष्टी मागा. "समजलं का?" न विचारता "काय करायचंय ते सांग" असं विचारणं, कारण 'हो' म्हणणं त्याला सुटकेसाठी जमलंय. आणि लांब सूचना तोडून देणं: "वही काढ." थांबणं. "पान ३२." घरीही तसंच.

कडकपणाचं विचारलंत. न कळलेलं वाक्य ओरडून सांगितलं तरी ते वाक्य तेच राहतं. गाय-घोड्याचा खेळ याच्या बाबांनाच घ्यायला सांगा, आणि प्रत्येक वेळी मुलाने काय केलं ते त्यांनीच वहीत लिहावं. तपासणीला जाताना ती वही सोबत न्या.