सातव्या दिवशी दिलेली गमबोरोची लस वाया का जाते

प्रश्न : साहेब, दीडशे पिल्ले आहेत, वय २६ दिवस. परवा ३ मेली, काल ९, आज १४. पांढरी पातळ हगवण आहे, पिसे फुलवून कोपऱ्यात बसतात. दुकानदाराने आधी रक्ती हगवण म्हणून सल्फा दिले, आता अँटिबायोटिकचे इंजेक्शन द्या म्हणतो. गमबोरोची लस सातव्या दिवशी दिली होती, तीही दुप्पट डोसने. मग हा रोग कोणता? परत लस देऊ का?

उत्तर : हा गमबोरोच असावा. तरी आकड्यांवर थांबू नका. आज मेलेल्यांपैकी दोन ताजी पिल्ले दवाखान्यात न्या, जमत नसेल तर हातमोजे घालून स्वतः चिरा. पिल्लू उताणे ठेवून छातीची आणि मांडीची कातडी सोला. मांसावर रक्ताच्या रेघा किंवा ठिपके दिसतील. मग पोट उघडा आणि आतडे शेवटपर्यंत शोधत गुदद्वाराजवळ या. तिथे आतड्याच्या पाठीमागे एक गोल गाठ असते, ती बर्सा. निरोगी पिल्लात ती फिकट आणि घट्ट असते. गमबोरोत पहिल्या दोन-तीन दिवसांत ती फुगते, वर पिवळट जेलीसारखा थर चढतो आणि कधी आत रक्तही साकळते. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर हीच गाठ आकसू लागते. म्हणून उशिरा मेलेले पिल्लू चिरून ‘बर्सा तर लहानच आहे’ असे म्हणू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत मेलेलेच पाहायचे.

आतड्याची दोन आंधळी टोके असतात, तीही कापून बघा. आत रक्त भरले असेल तर रक्ती हगवण, स्वच्छ असतील तर ती नव्हे. मूत्रपिंडे सुजलेली आणि त्यांत पांढरी रेती साचलेली दिसली तर पांढऱ्या हगवणीचा उलगडाही तिथेच होतो. एक सावधगिरी मात्र पाळा. पिल्लांसोबत मोठ्या कोंबड्याही पटापट मरत असतील तर चिरायला हात लावू नका, सरळ दवाखान्याला कळवा. गमबोरो साधारण ३ ते ६ आठवड्यांच्या पिल्लांना पाडतो, मोठ्या कोंबड्यांना नाही.

आता दुकानदाराबद्दल. गमबोरोला औषध नाही. हा विषाणू आहे, अँटिबायोटिक त्याचे काहीच करत नाही. सल्फा आणि मूत्रपिंडावर ताण देणारी इंजेक्शने, विशेषतः जेंटामायसिन, या रोगात पिल्लाला आणखी खाली ओढतात, कारण मूत्रपिंडे आधीच आजारी असतात. वर सल्फा जास्त गेले की मांसात रक्तस्राव होतो. मग चिरून बघणाऱ्यालाही रोग कोणता आणि औषधाची करामत कोणती हे कळत नाही. सल्फा आजच थांबवा. इंजेक्शन देऊ नका. दुकानदार ‘नुसतं एकदाच’ म्हणाला तरी देऊ नका.

ही औषधे ‘गुणकारी’ का वाटतात हेही सांगतो, कारण हे मी शेडमागून शेड बघतो. गमबोरोत मरतूक तिसऱ्या-चौथ्या दिवशी शिखरावर जाते आणि आठवड्याच्या आत आपोआप उतरते. तुमच्याकडे ३, ९, १४ झाली. उद्या बहुतेक ८-१० होतील, परवा दोन-चार. दुकानदाराकडे माणूस जातो कधी? मरतूक शिखरावर असताना. इंजेक्शन दिले, दोन दिवसांत मरतूक थांबली, श्रेय इंजेक्शनला. न देताही थांबलीच असती, आणि कदाचित दोन-चार पिल्ले जास्त वाचली असती.

करायचे ते इतकेच. ताजे पाणी सतत पुढे ठेवा, त्यात इलेक्ट्रोलाइट पावडर पाकिटावर लिहिलेल्या मात्रेत, जास्त नाही. शेडमध्ये अंथरलेल्या भुशाच्या गादीचा ओला भाग काढा, थंड वारा लागू देऊ नका. मेलेली खोल पुरून टाका. प्रथिनांचे जादा डोस देऊ नका, मूत्रपिंडांवर भार वाढतो. उरलेल्यांना आता गमबोरोची लस देऊ नका. लशीला संरक्षण तयार करायला दिवस लागतात आणि रोग तुमच्या शेडमध्ये त्याआधीच फिरून झाला आहे. वाचलेली पिल्ले पुढच्या आठवड्यांत इतर लशींना नीट साथ देत नाहीत, कारण बर्सा ही प्रतिकारशक्तीची कार्यशाळा आहे आणि ती जळलेली आहे. म्हणून राणीखेत रोगाची पुढची लस दिली म्हणजे झोप लागली असे समजू नका.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नावर येतो. लस दिली, दुप्पट दिली, तरी रोग आला. तो दुप्पट दिल्यामुळे आला नाही आणि एकपट दिल्यानेही टळला नसता. दिवस चुकला.

लस दिलेल्या मातेच्या अंड्यातून पिल्लू निघते तेव्हा आईने दिलेल्या प्रतिकारशक्तीची शिदोरी सोबत घेऊन येते. ही शिदोरी विषाणू आणि लस यांत फरक करत नाही, कारण लशीतही जिवंत विषाणूच असतो. सातव्या दिवशी शिदोरी भरलेली असते, त्यामुळे लस आत गेली की तिथेच निष्प्रभ होते. दुप्पट दिली तर दुप्पट वाया जाते. शिदोरी मग हळूहळू संपते : जलद वाढणाऱ्या मांसल पिल्लांत साधारण दर तीन दिवसांनी निम्मी, सावकाश वाढणाऱ्या अंड्यांच्या जातींत दर पाच-सहा दिवसांनी निम्मी. तुमच्याकडे ती तिसऱ्या आठवड्यात संपली, सातव्याच्या लशीने काहीच कमावले नव्हते, आणि विषाणूला दार उघडे सापडले.

म्हणून छोट्या कळपात माझा कार्यक्रम ठरलेला आहे. राणीखेतची पहिली लस ५ ते ७ दिवसांत. गमबोरोची इंटरमीडिएट, म्हणजे मध्यम जोराची, लस १४ व्या दिवशी, दुसरी मात्रा २४ व्या दिवशी. राणीखेतची पुढची मात्रा त्यानंतर निदान आठवडाभर थांबून. दोन्ही लशी एकाच दिवशी ‘एक फेरी वाचते’ म्हणून उरकू नका, मध्ये आठवडा ठेवा. दुसरी मात्रा कशासाठी? दीडशे पिल्लांची शिदोरी एकाच दिवशी संपत नाही. १४ व्या दिवशी काहींना लस लागते, काहींना लागत नाही. उरलेली २४ व्या दिवशी पकडायची असतात. एकच मात्रा देऊन थांबणारा अर्धा कळप उघडा ठेवतो. अंड्यांच्या जातीची सावकाश वाढणारी पिल्ले असतील तर ही दुसरी मात्रा कधीच चुकवू नका.

आणखी एक गोष्ट. दुकानात ‘इंटरमीडिएट प्लस’ किंवा ‘गरम लस’ म्हणून जोरदार प्रकार मिळतो आणि ‘यानेच रोग रोखतो’ असे सांगितले जाते. तो शिदोरी भेदून आत शिरतो हे खरे. पण लहान वयात तोच बर्साला इजा करतो, म्हणजे रोगाचेच अर्धे काम लस करून टाकते. ज्या शेडमध्ये गमबोरो वारंवार येतो तिथे डॉक्टरांनी सांगितले तरच वापरा. पहिल्याच मात्रेला, दुकानदाराच्या सांगण्यावरून, नको. नको म्हणजे नको.

देण्याची पद्धत : दीडशे पिल्लांना पाण्यातून लस देऊ नका. पाण्यातून दिली की दांडगी पिल्ले भरपूर पितात आणि जी मागे राहतात तीच नेमकी नंतर मरतात. थेंब डोळ्यात द्या. लस आणि तिचे द्रावण बर्फाच्या डब्यात आणा, मिसळल्यावर तास-दीड तासात संपवा. एकाने पिल्लू आडवे धरायचे, दुसऱ्याने एक थेंब डोळ्यावर सोडायचा आणि तो आत जिरेपर्यंत पिल्लू सोडायचे नाही. पिल्लाने पापणी मिटली, थेंब दिसेनासा झाला, मगच सोडा. घाईत सोडलेल्या पिल्लाने डोके झटकले की थेंब जमिनीवर आणि पिल्लू लशीविना. द्रावणाला निळा रंग असेल तर थोड्या वेळाने चार-पाच पिल्लांच्या चोची उघडून बघा, जिभेवर निळसर छटा दिसायला हवी. दीडशे पिल्लांना दोन माणसांना तासभर पुरतो. मला ही पद्धत पटते कारण किती पिल्लांना लस लागली हे डोळ्यांनी मोजता येते.

पुढच्या लॉटबद्दल एक सांगतो. हा विषाणू फार चिवट आहे, रिकाम्या शेडमध्येही तो चार महिन्यांपर्यंत टिकतो, आणि गादीतले काळे किडेही त्याला सांभाळतात. नुसता चुना फेकून तो जात नाही. गादी पूर्ण काढून दूर न्या, साबणाने घासून धुवा, वाळवा, मग फॉर्मॅलिन किंवा आयोडीनचे औषध मारा. घाणीवर मारलेले औषध फुकट जाते. नवी पिल्ले आणताना, ती योजनेतून मिळालेली असोत वा विकतची, ‘लस झालेली आहेत’ एवढ्यावर समाधान मानू नका. कोणती लस, हे लिहून घ्या. पहिल्या दिवशी बहुतेकदा मरेक्सची लस दिलेली असते, ती गमबोरोची नव्हे. पण उबवणगृहातच गमबोरोची खास लस दिली असेल तर तुमच्या १४ आणि २४ च्या मात्रांबद्दल आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : आम्ही पाच जण मिळून लस आणतो, पण बाटली मोठी येते आणि प्रत्येकाची पिल्ले वेगवेगळ्या वयाची. उरलेली फ्रीजमध्ये ठेवून पुढच्या आठवड्यात दिली तर चालेल का?

उत्तर : नाही. मिसळलेली लस दुसऱ्या दिवशी पाणी झालेली असते. न फोडलेली बाटलीच २ ते ८ अंशांवर ठेवायची असते, फोडलेली नाही. उरलेली उकळून पुरून टाका. आधी कमी डोसांची बाटली मिळते का ते विचारा. नसेल तर पिल्लेच एका तारखेची घ्या : पाच जणांनी मिळून एकाच उबवणीचा लॉट उचला, म्हणजे १४ वा दिवस सगळ्यांचा एकच येईल. गोठ्यात कोंबडीने उबवलेली पिल्ले त्यात घुसडू नका. पाच दिवसांच्या पिल्लाला तुमच्या सोयीसाठी लस दिलीत तर ती वाया जाते. त्यांची तारीख वेगळी मांडा, आणि दीड महिन्याच्या पुढच्यांना आता ही लस देत बसू नका.