बाबांना दिसणारी मुलं

‘बाबा ७२ वर्षांचे. आयुष्यात कधी मानसिक त्रास नव्हता. आता घरात नसलेली मुलं दिसतात, आई जेवणात काहीतरी कालवते म्हणतात. वेड लागलंय का? डोकं शांत करायच्या गोळ्या सुरू करू का?’

इतक्या उशिरा पहिल्यांदाच भास झाले, की मी मनाकडे सगळ्यात शेवटी वळते. अशा एका घराला घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन बोलावलं.

“रोज सारखंच असतं?”

“नाही हो,” मुलगा म्हणाला. “सकाळी पेपर वाचतात, हिशेब चोख. दुपारी मलाच विचारतात, तू कोण?”

हे सगळं दोन-चार दिवसांत उद्भवलं असतं, सोबत ग्लानी असती, तर मी बोलत न बसता थेट दवाखान्यात पाठवलं असतं. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनी सोडियम उतरतं, लघवीत जंतुसंसर्ग होतो, साखर घसरते. म्हाताऱ्या मेंदूला एवढं पुरतं. इथे महिने गेले होते. तरी फिजिशियनकडून सोडियम, साखर, थायरॉईड, बी-१२, मूत्रपिंड, लघवी तपासून घेतली. बी-१२ थोडं कमी निघालं, पण तेवढ्यानं हे चित्र जुळत नव्हतं.

पिशवीत ट्रायहेक्सिफेनिडिल सापडली. हात थरथरतो म्हणून दसऱ्याला सुरू झालेली. मुलं दिसायला लागली दिवाळीत. ही गोळी मेंदूतल्या अॅसिटिलकोलीन या रसायनाला अडवते, आणि उतारवयात त्यातून भास होऊ शकतात. पण सगळ्यांनाच होत नाहीत. यांनाच का?

काकू तोवर गप्प होत्या. मी विचारलं, “रात्री झोप कशी लागते?”

“यांना लागते, मला नाही. कित्येक वर्षं स्वप्नात ओरडतात, लाथा झाडतात. शेवटी मी खाट वेगळी केली. असलं कोणाला सांगायचं?”

मला हवं होतं ते हेच. स्वप्न पडताना शरीर ढिलं पडतं. तो ब्रेक निकामी होणं ही लेवी बॉडी डिमेन्शिया या स्मृतिभ्रंशाच्या प्रकाराची वर्षानुवर्षं आधी मिळणारी खूण असू शकते. त्यात स्पष्ट दिसणारी माणसं, दिवसागणिक वरखाली होणारं भान आणि थरथर यांची भर. या आजारात अॅसिटिलकोलीन आधीच कमी असतं, म्हणून गोळी एवढी बाधली. बाबांचा ज्यांच्यावर संशय, त्या काकूंकडेच निदानाचा धागा होता. घरच्यांना एकत्र बसवण्याचा माझा हट्ट असतो तो यासाठीच.

मी हे न्यूरोलॉजिस्टना चार ओळींत लिहून दिलं. त्यांनी निदान पक्कं केलं, गोळी हळूहळू बंद केली (आपल्या मनानं एकदम तोडू नये), अॅसिटिलकोलीन टिकवून धरणारं रिव्हास्टिग्मिन दिलं. काही आठवड्यांत जेवणाचा संशय गेला. मुलं अजून अधूनमधून येतात. काकू वाद घालत नाहीत, दिवा लावतात. अंधुक उजेडात भास वाढतात.

‘डोकं शांत करायच्या’ गोळीबद्दल मात्र कडक सांगते. या आजारात हॅलोपेरिडॉलसारख्या औषधानं शरीर ताठरतं, गिळता येत नाही, जिवावरही बेतू शकतं. बाबांच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईत लिहून ठेवलंय: लेवी बॉडी, हॅलोपेरिडॉल देऊ नये. रात्री-अपरात्री कॅज्युअल्टीत नेलं, तर तिथल्या डॉक्टरांना आधी ते पान दाखवायचं.