तळावरचं ३०४ राहू द्या, आधी वजनकाटा काढा

प्रश्न: "मी वेर्ण्याला कामाला जाते. माझ्यासाठी आणि मुलीसाठी एक लिटरच्या दोन स्टीलच्या गरम-थंड बाटल्या आणि एक इन्सुलेटेड डबा ऑनलाइन बघून ठेवलाय. विक्रेत्याने तळाचे फोटो पाठवलेत, त्यावर ३०४ आहे. एवढं पुरेसं आहे का? आणि झाकणाचं रबर फोटोत कसं तपासायचं?"

ताई, पुरेसं नाही. तुमचं वाचलं आणि माझं जुनं दुखणं वर आलं, म्हणून जरा लांब लिहिते. कुठली कंपनी चांगली, बाटली कशी धुवायची, यात शिरत नाही. ते तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक असेल.

आधी ते ३०४. त्या जातीच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, म्हणून कुणी १८/८ असंही लिहितं. २०१ आणि २०२ मध्ये महागडं निकेल कमी करून मँगनीज घालतात. नुसत्या पाण्याला फारसा फरक कळत नाही. पण आपल्याकडे डब्यात सोलां घातलेलं हुमण जातं, सोलकढी थंड राहावी म्हणून बाटलीतून नेणारेही आहेत. मीठ आणि आंबट एकत्र आलं की हलक्या स्टीलवर सुईच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके पडतात आणि ते घासून जात नाहीत. तेव्हा स्टील चांगलं हवंच. पण ३०४ हे तीन आकडे लेझरने कुणीही कोरू शकतो. शिवाय अन्नाला लागते ती आतली भिंत. बऱ्याच बाटल्यांत आत ३०४ आणि बाहेर हलकं स्टील असतं, आणि तळावरचा शिक्का त्यातल्या कुठल्या भिंतीबद्दल बोलतोय हे तो सांगत नाही. लोहचुंबक लावून बघा म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. ३०४ आणि २०२ दोन्हींना तो सहसा चिकटत नाही, आणि खरं ३०४ असलं तरी जिथे पत्रा दाबून वळवलाय तिथे, म्हणजे गळ्याशी आणि तळाच्या कडेला, थोडा ओढतो.

त्यापेक्षा विक्रेत्याकडे आयएसआय चिन्हाचा फोटो मागा. घरगुती इन्सुलेटेड बाटल्या-फ्लास्कांसाठी २०२३ साली केंद्राचा गुणवत्ता नियंत्रण आदेश निघाला. स्टीलच्या व्हॅक्यूम बाटलीवर चिन्हाच्या वर आयएस १७५२६ आणि खाली CM/L ने सुरू होणारा परवाना क्रमांक असायला हवा. तो क्रमांक BIS Care ॲपमध्ये Verify Licence Details इथे टाकला की कारखान्याचं नाव, पत्ता, वस्तू आणि परवाना चालू आहे की संपला, ते दिसतं. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. परवाना कारखान्याला मिळतो, त्यामुळे बाटलीवरचं नाव आणि ॲपमधलं नाव वेगळं दिसलं म्हणून लगेच खोटं म्हणू नका. खोक्यावर उत्पादक म्हणून जे नाव छापलंय त्याच्याशी ते जुळवा. क्रमांक टाकल्यावर भलतीच वस्तू निघाली, तर मात्र तो कुठून तरी उचललेला आहे.

आता माझं दुखणं. तुमच्यासारखीच एक लिटरची बाटली मी मागवली होती. जाहिरातीत एक लिटर, खोक्यावरच्या स्टिकरवर १०००. घरी आल्यावर नेहमीचा तांब्या ओतला तर पाणी वर आलं. मग तळ निरखून पाहिला, तर कडेला अगदी फिकट कोरलेलं ७५० मिली. तक्रार केली. तक्रारकक्षाचं पहिलं उत्तर, फोटो स्पष्ट नाही. अगदी जवळून घेतलेला दुसरा पाठवला, तर म्हणे अक्षरं दिसतात, पण हा तळ याच बाटलीचा कशावरून? मग काट्यावर वजन करतानाचा व्हिडिओ पाठवला. घरगुती काटा प्रमाणित नसतो, असं उत्तर आलं. दर वेळी वेगळा माणूस, दर वेळी "तुमच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत", आणि शेवटी परत करण्याची मुदत संपल्याचा संदेश. फोटो अस्पष्ट आहे हे सांगायला त्यांनी जेवढा वेळ घेतला तेवढ्यात बाटली परत जाऊन पैसे आले असते. ही ढकलाढकल मुद्दाम केलेली असते असं माझं स्पष्ट मत आहे. कुणाला पटणार नाही, त्याला इलाज नाही.

म्हणून फोटो पहिल्याच दिवशी आणि या पद्धतीने घ्या. फ्लॅश बंद. चकचकीत स्टीलवर फ्लॅश मारला की कोरलेली अक्षरं पांढऱ्या ठिपक्यात बुडतात. खिडकीपाशी बाटली आडवी ठेवा, उजेड बाजूने येऊ द्या आणि अक्षरं काळी दिसेपर्यंत बाटली हळूहळू फिरवा. पावसाळ्यात तळावर दमट थर बसतो, तो आधी पुसा. मोबाइल तळाला चिकटवू नका, हातभर लांबून दुप्पट झूम करा. फार जवळ नेला की फोकस सुटतो आणि फोनचीच सावली पडते. एका फोटोत तळ आणि बाटलीचा रंगीत अंगाचा भाग दोन्ही यायला हवेत, शेजारी खोक्याचं ऑर्डर क्रमांकाचं लेबल ठेवा. "याच बाटलीचा कशावरून" हा प्रश्न मग उरत नाही.

क्षमता तर मागवण्याआधीच जाहिरातीतल्या फोटोवरून ओळखता येते. मापं दिलेला एक फोटो बहुतेक असतोच. माझ्या बाटलीचा व्यास ७.३ सेंटीमीटर आणि झाकणासकट उंची २६.५ दिली होती. दोन भिंती आणि मधली पोकळी मिळून प्रत्येक बाजूला अंदाजे साडेतीन मिलीमीटर जातात, म्हणजे आतला व्यास ६.६, त्रिज्या ३.३. उंचीतून झाकणाचे साडेतीन आणि तळाचा एक सेंटीमीटर वजा केला की २२ उरतात. ३.३ गुणिले ३.३ गुणिले ३.१४ म्हणजे सुमारे ३४ चौरस सेंटीमीटर, त्याला २२ ने गुणा, साडेसातशे मिली. त्याच व्यासात लिटरभर पाणी मावायला आतली उंची २९ सेंटीमीटर लागली असती. हिशेब ढोबळ आहे, गळा निमुळता असेल तर आणखी कमी भरेल. पण पाव लिटरची तफावत एवढ्यावरही लपत नाही. नुसता १००० आकडा असेल आणि पुढे मिली नसेल, तर विक्रेत्याला लेखी विचारा. तो मॉडेलचा आकडा आहे, असं उत्तर नंतर ऐकावं लागू नये. औंसमध्ये लिहिलं असेल तर २५ औंस म्हणजे सुमारे ७४० मिली आणि ३२ औंस म्हणजे ९४६. लिटर दोन्ही नाहीत.

घरी आल्यावर काट्यावर खात्री करा. एक मिली पाणी म्हणजे एक ग्रॅम धरायचं. माझी रिकामी बाटली झाकणाशिवाय ३४८ ग्रॅम होती. काठोकाठ भरल्यावर ११२८, म्हणजे ७८० मिली. मग झाकण लावलं, सांडलेलं पुसलं, झाकण काढून पुन्हा ठेवली तर १०९६, म्हणजे ७४८. झाकणाचा आत उतरणारा भाग तीस-चाळीस मिली खातो आणि काही कंपन्या माप काठापर्यंतचं छापतात, त्यामुळे तेवढ्या फरकावर भांडू नका. काटा प्रमाणित नाही म्हणाले तर सीलबंद एक लिटर पाण्याची बाटली त्यांच्याच बाटलीत ओतून दाखवा. उरलेलं पाणी बोलतं.

आणि चॅटवर वेळ घालवू नका. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे विक्री संकेतस्थळाला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिनाभरात निवारण करायचं असतं. त्याचा ईमेल पानाच्या अगदी तळाशी असतो, तिथे थेट लिहा. माझे पैसे १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केल्यावर आले, डिलिव्हरीचे कापून. हेल्पलाइन हुकूम देऊ शकत नाही, फक्त कंपनीला विचारते, पण तेवढ्यानेही हलले. मी वकील नाही, हा माझ्यापुरता अनुभव.

झाकणाच्या रबराचं. ते बहुतेक सिलिकॉन असतं. झाकण उलटं करून सरळ वरून काढलेला एक फोटो मागा, आणि रिंग बाहेर काढून पट्टीशेजारी ठेवलेला दुसरा. पहिल्यात खाच नुसती रिकामी दिसतेय का ते बघा, परत आलेल्या मालात रिंग हमखास हरवलेली असते. दुसऱ्यात रिंग गोल फुगीर हवी. एका बाजूने चपटी आणि चकचकीत झाली असेल तर ती दबून मेली, गळणारच. काळे ठिपके म्हणजे बुरशी, आपल्या हवेत ती रिंगेच्या मागच्या बाजूला धरते, म्हणून न काढलेल्या रिंगेचा फोटो काही सांगत नाही. बटणाच्या झाकणात आत एक छोटी रिंगही असते, तिचं विचारा. आणि सुटी रिंग मिळते का, हे आधीच लिहून घ्या. दुसऱ्या कंपनीची रिंग मिलीमीटरभर जाडीच्या फरकानेही बसत नाही.

पोकळी शाबूत आहे का हे मात्र कुठल्याच फोटोत कळत नाही. उकळतं पाणी भरून दहा मिनिटांनी बाहेरून हात फिरवा. गळ्याशी कोमट लागणं ठीक, पण अंग किंवा तळ गरम लागला तर व्हॅक्यूम गेलं, लगेच परत करा.

डब्याचं थोडक्यात. "९०० मिली" ही बहुधा आतल्या तीन छोट्या डब्यांची बेरीज असते, आणि ३०४ चा शिक्का त्या आतल्या डब्यांवर असतो. बाहेरचं कवच किती वेळ गरम ठेवेल याचा त्याच्याशी संबंध नाही. पुष्कळ डब्यांत व्हॅक्यूम नसतंच, प्लॅस्टिकच्या कवचात फोम असतो किंवा नुसती हवा. तेव्हा "व्हॅक्यूम आहे का" असं थेट विचारा आणि उत्तर जपून ठेवा. गरम भात भरल्यावर झाकण घट्ट बसून उघडेना झालं तर सुरी घालू नका, रिंग तिथेच फाटते. वाफ थंड होऊन आत हवेचा दाब कमी झालेला असतो. झाकणावरचं छोटं सिलिकॉनचं बटण उचललं की हवा आत जाते आणि झाकण सुटतं. ते बटण नसलेला डबा मी तरी घेणार नाही.