पेरॉक्साइडच्या उत्तरावर लिहिलेला शेरा

प्रश्न: बारावीच्या एका मुलाने लिहिलंय, "ΔG खूप ऋण आहे, म्हणून अभिक्रिया उत्स्फूर्त आणि वेगवान." नुसती फुली मारून भागेल का? शेरा काय लिहू?

उत्तर: फुली मारू नका. त्याचं अर्धं वाक्य बरोबर आहे आणि फुलीखाली तेही चूक ठरतं. मी नागपुरात अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते. यंदाच्या चाचणीत मी विचारलं होतं की हायड्रोजन पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजनमध्ये विघटन उत्स्फूर्त आहे का, कारण द्या. ΔG° दिलं होतं, दर मोलला सुमारे −117 किलोजूल. एका मुलीने लिहिलं, "ऋण आहे म्हणून उत्स्फूर्त. आकडा मोठा असल्याने विघटन क्षणात पूर्ण होईल." तिच्या पेपरवर मी हे लिहिलं:

"'ऋण आहे म्हणून उत्स्फूर्त' हे बरोबर, त्याचा गुण दिला आहे. 'क्षणात' हे तुला कोणत्या आकड्यावरून कळलं? आपल्या लॅबमधली 3 टक्के पेरॉक्साइडची बाटली जूनपासून कपाटात आहे आणि अजून कामाची आहे. मीठ पाण्यात विरघळताना ΔG° जेमतेम −9 असतं, तरी चमचाभर मीठ ढवळलं की मिनिटभरात दिसेनासं होतं. तुझ्या नियमाने उलटं व्हायला हवं होतं. पेरॉक्साइडपासून पाण्यापर्यंतचा ऊर्जेचा आलेख काढ, त्यात ΔG कुठे आणि सक्रियण ऊर्जा कुठे ते दाखव, मग दुसरं वाक्य पुन्हा लिही."

मीठ मी मुद्दाम घेतलं. नुसती बाटली दाखवली असती तर मुलं तिला अपवाद म्हणून सोडून देतात. लहान आकडा वेगवान आणि मोठा आकडा संथ, अशी जोडी समोर आली की नियमच टिकत नाही.

या चुकीत आपल्या शब्दाचाही हात आहे. उत्स्फूर्त भाषण म्हणजे चिठ्ठी उचलली आणि लगेच बोलायला उभं राहिलं. मुलं तो 'लगेच' रसायनशास्त्रात घेऊन येतात. म्हणून वर्गात मी उत्स्फूर्तचा अर्थ असा सांगते: बाहेरून सतत ऊर्जा पुरवावी न लागता या दिशेने जाऊ शकते. किती वेळात जाते, ते त्या शब्दात नाही.

ती आलेख काढून घेऊन आली. पाणी आणि ऑक्सिजन खाली, पेरॉक्साइड वर, मधे टेकडी. ΔG म्हणजे दोन टोकांच्या उंचीतला फरक. वेग ठरतो टेकडीवर. काही न मिसळता विघटन व्हायचं तर ती टेकडी सुमारे 75 किलोजूलची आहे, आणि साध्या तापमानाला ती ओलांडण्याइतकी ऊर्जा फार थोड्या रेणूंकडे असते. नागपुरात मे महिन्यात पारा 45 वर गेला की अशा रेणूंचं प्रमाण वाढतं, म्हणून उन्हाळ्यात ती बाटली आम्ही फ्रिजमध्ये ठेवतो.

इथे थांबू नका, कारण पुढची चूक याच्याच पोटात असते. मी परीक्षानळीत पेरॉक्साइड घेऊन आलूची चकती टाकली. भराभर फेस आला. ती म्हणाली, "मॅडम, म्हणजे आलूमुळे ती उत्स्फूर्त झाली!" वर्गातल्या बऱ्याच जणांना तसंच वाटलं. आलूतलं कॅटलेज हे विकर कमी उंचीची दुसरी वाट उघडतं, एवढंच. दोन्ही टोकं जागेवरच राहतात, त्यामुळे ΔG तसूभरही बदलत नाही.

हे पटवायला मी एक हिशेब करून घेतला. 3 टक्क्यांच्या 10 मिली पेरॉक्साइडमधून विघटन पूर्ण झाल्यावर जवळपास 100 मिली ऑक्सिजन निघतो. आलू टाकला तर काही मिनिटांत, नाही टाकला तर कितीतरी महिन्यांत, पण शेवटी तेवढाच. आलूने ΔG बदललं असतं तर समतोलाची जागाही सरकली असती.

मग तिला विचारलं, "पाण्यात ऑक्सिजन सोडून आलू टाकला तर पेरॉक्साइड बनेल का?" तुमच्या मुलालाही शेवटी हेच विचारून पाहा. 'हो, पण हळू' असं उत्तर आलं तर गोंधळ कायम आहे. तिने आलेखावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "टेकडी कमी झाली तरी तिकडून चढच आहे. नाही बनणार." दुसऱ्या वाक्याचा गुण मी तेव्हा दिला.