शाळा, कृपाण आणि पुराव्याचा भार

प्रश्न: धर्मनिरपेक्षता आणि धार्मिक बहुविधता ही घटनात्मक तत्त्वं नेमकी वेगळी कुठे पडतात? 'कायदा आणि धर्म' या पेपरात तुलना करायची आहे.

व्याख्या समोरासमोर ठेवल्या तर फारसा फरक दिसणार नाही, कारण धर्मस्वातंत्र्य आणि समानता दोन्हीकडे असतेच. त्यापेक्षा एकच परिस्थिती घ्या, म्हणजे सरकारी शाळेतला शीख विद्यार्थी, आणि धर्मनिरपेक्षतेसाठी फ्रान्स व बहुविधतेसाठी कॅनडा घेऊन, तिथे कायदा आधी काय विचारतो ते पाहा.

फ्रान्समध्ये १५ मार्च २००४ च्या कायद्याने सरकारी शाळांत धर्म ठळकपणे दाखवणाऱ्या खुणा व पोशाखावर बंदी घातली. छोटा क्रॉस चालतो, पगडी नाही. शिस्तभंगाच्या कारवाईआधी विद्यार्थ्याशी संवाद साधणं बंधनकारक आहे. पण तडजोडीला वाव कमी, कारण 'खूण ठळक आहे का?' हाच मुख्य प्रश्न. त्या विद्यार्थ्याच्या पगडीने प्रत्यक्ष काय बिघडलं, हे शाळेला दाखवावं लागत नाही. सामायिक जागा तटस्थ राखण्याचा निर्णय संसदेने आधीच घेतलेला असतो.

कॅनडाचा २००६ चा मुल्तानी खटला मात्र पायरीपायरीने वाचावा. क्युबेक प्रांतातल्या शाळेत मुलाच्या अंगावरून कृपाण खाली पडली आणि वाद सुरू झाला. सर्वोच्च न्यायालयाने आधी पाहिलं, की धातूचीच कृपाण हवी ही त्याची श्रद्धा प्रामाणिक आहे का. सगळे शीख तसंच मानतात का, हा मुद्दा गौण ठरला. पुढे बंदी योग्य आहे हे दाखवण्याचा भार शाळा मंडळावर आला. सुरक्षेचा हेतू महत्त्वाचा आणि बंदीचा त्याच्याशी संबंध आहे, हे न्यायालयाला मान्य होतं. बंदी अडली ती 'कमीत कमी बाधा' या कसोटीवर. कृपाण लाकडी म्यानात, कापडात शिवून, कपड्यांच्या आत ठेवण्याची अट पुरेशी असताना सरसकट बंदी कशाला? कात्र्या आणि बेसबॉलच्या बॅट तर शाळेत असतातच. मात्र विमानात उत्तर वेगळं येऊ शकतं, कारण तिथला धोका वेगळा.

निबंधात फ्रान्सला सरसकट 'धर्मविरोधी' म्हणण्याची चूक होते. तिथे चर्च आणि राज्य वेगळं करणाऱ्या १९०५ च्या कायद्याचं पहिलंच कलम सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याची हमी देतं. दुसरं कलम सांगतं की राज्य कोणत्याही पंथाला मान्यता, पगार किंवा अनुदान देणार नाही. माझ्या मते खरा फरक पुराव्याचा भार कोणावर पडतो यात आहे. म्हणूनच फ्रान्समधल्या पगडीबंदीवर दोन आंतरराष्ट्रीय उत्तरं आली. युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने २००९ मध्ये राष्ट्राला निर्णयाची मोकळीक देत अर्ज फेटाळले, तर संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०१२ मध्ये, तक्रारदार विद्यार्थ्यापासून धोका असल्याचं फ्रान्सने दाखवलं नाही म्हणून, हक्कभंग झाल्याचं मत दिलं.

कॅनडालाही एकसंध समजू नका. २०१९ मध्ये क्युबेकने सरकारी शाळांतल्या शिक्षकांसह अनेक अधिकारपदांवरच्या व्यक्तींना कामावर धार्मिक चिन्हं घालायला बंदी केली आणि कॅनडाच्या घटनेतल्या हक्कांच्या सनदेच्या कलम ३३ चा आधार घेतला. हे कलम वापरलं की धर्मस्वातंत्र्याचा भंग झाला तरी कायदा लागू राहतो. दर पाच वर्षांनी त्याचं नूतनीकरण मात्र करावं लागतं.